पिल्लू थांबत नव्हतं म्हणून

देवासच्या शाळेत मी सव्वीस वर्षं पीटी शिकवली. पोरं धापा टाकायला लागली की मी आणखी एक फेरी मारायला लावायचो आणि स्वतःला मोठा कडक सर समजायचो. निवृत्तीनंतर हुकूम सोडायला कोणी उरलं नाही, म्हणून जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं. बायको म्हणाली, "अहो, त्याला तरी सुखानं राहू द्या." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ते पाच महिन्यांचं झाल्यावर मी त्याचा क्रम ठरवला. सकाळी डांबरी रस्त्यानं अर्धा तास धावायचं, मग गावातल्या देवीच्या टेकरीच्या सगळ्या पायऱ्या चढायच्या आणि तसंच खाली उतरायचं. दर्शनाला आलेले लोक म्हणायचे, "भिया, क्या दम है पिल्ले में!" मी फुगायचो. हाडं मजबूत व्हावीत म्हणून घरी त्याच्या खाण्यात कॅल्शियमची पावडरही घालायचो, कोणाला न विचारता.

महिना झाला असेल. एका सकाळी ते उठेना. पुढचे पाय टेकवले, पण मागचं अंग वर येईना. तिसऱ्या खेपेला उठलं आणि मागचे दोन्ही पाय एकदम उचलत, सशासारखं उडत माझ्याकडे आलं. चार-पाच दिवस ते झोपेतून उठल्यावर ताठरत होतं, पण मी म्हटलं होतं, आळस आहे, जरा धावलं की सुटेल. आता मात्र मी त्याला तसंच उचलून दवाखान्यात नेलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा मागचा उजवा पाय हळूच मागे ताणला. पिल्लू ओरडलं नाही. नुसतं मान वळवून माझ्याकडे बघत राहिलं. बाईंनी विचारलं तसं मी सगळं सांगितलं, पायऱ्यांसकट. त्यांनी पाय हळूच खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सर, इसकी हड्डियाँ अभी बन रही हैं।" हाडांच्या टोकांशी जिथे वाढ होते तो भाग अजून मऊ असतो, आणि एवढ्या मोठ्या जातीत तो भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर कडक रस्त्यावरची धाव, पायऱ्या आणि उड्या यांचा ताण रोज त्याच सांध्यांवर बसतो. जितके महिने वय, तितकी पाच-पाच मिनिटं फिरवायचं, दिवसातून एक-दोनदा. हाही ठोकताळाच. बाकी मऊ मातीत त्याच्या मनानं खेळू द्यायचं, दमलं की झोपू द्यायचं. पावडर तर त्यांनी तिथेच बंद करायला लावली. चांगलं खाणं मिळणाऱ्या मोठ्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं की हाडांची वाढच बिघडू शकते म्हणे.

मी वाद घातला. वाद घालायची खोड जाते कुठे! "पर मैडम, ये तो कभी रुका ही नहीं."

"रुकता कैसे, सर? आप जो चल रहे थे।"

एक्स-रेसाठी महूच्या जनावरांच्या कॉलेजात जायला सांगितलं. पाय हलू नये म्हणून तिथे त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि आत नेलं. मी बाहेर बाकावर बसलो. वाढीची जागा सरकली असेल तर पाय वाकडा वाढू शकतो, ऑपरेशन करूनही लंगडणं राहू शकतं, एवढंच डोक्यात फिरत होतं. मला भयंकर भीती वाटत होती, आणि तिच्यापेक्षा जास्त लाज.

वाढीची जागा शाबूत निघाली. पण खुब्याचा उजवा सांधा सैल बसला होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा दोष बऱ्याच अंशी जन्माचाच असतो, पण असल्या व्यायामानं वाढतो. मी विचारलं, यातलं माझं किती? ते म्हणाले, "ये कोई नहीं बता सकता।" सहा आठवडे विश्रांती द्यायची, वजन वाढू द्यायचं नाही, आणि पुढे हाडं भरली की पुन्हा एक्स-रे काढायचा. तोवर काही कळणार नाही.

सध्या तिसरा आठवडा चालू आहे. पट्टा लावून फक्त शी-शूसाठी बाहेर, पाच मिनिटं. रोज सकाळी ते उठतं तेव्हा मी श्वास धरून त्याच्या मागच्या पायांकडे बघतो.

काल परतताना ते वाटेत खाली बसलं. माझ्याबरोबर असताना ते असं कधीच बसलं नव्हतं. दुखलं म्हणून बसलं, की बसायची आता मुभा आहे हे त्याला कळलं, मला समजेना. पट्टा हातात होता, पण ओढला नाही. मीही त्याच्याशेजारी धुळीत मांडी घातली, आणि ते आपणहून उठेपर्यंत उठलो नाही.