सहाशे तीस वेळा पाणी

अकोल्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवणारे देवानंद उमक सर माणूस म्हणून लाख चांगले, पण पुस्तक हातात आलं की वाचायचं सोडून त्यातले शब्द मोजत बसायचे. सरांचा प्रबंध आठ वर्षं चालला होता. विषय होता नत्थुजी बोचरे या दिवंगत वऱ्हाडी कादंबरीकाराच्या चार कादंबऱ्या. त्या सरांनी नोंदणीच्या वर्षी एकदा झपाझप वाचल्या होत्या. पुढे एका कार्यशाळेत शब्द मोजणारा प्रोग्रॅम मिळाला, आणि मग वाचायची गरज काय, असं त्यांना खरोखर वाटू लागलं.

चारही कादंबऱ्या टाइप करून घेतल्या आणि प्रोग्रॅमला दिल्या. पहिला नंबर आला 'आणि' या शब्दाचा. सरांनी त्याच आठवड्यात 'आणि : जोडण्याची असोशी' नावाचं प्रकरण लिहायला घेतलं. त्यांच्या मार्गदर्शक सुभद्रा काळमेघ मॅडम अमरावतीहून फोनवर म्हणाल्या, "उमक, निधनवार्तांचं पान मोजा. तिथंही 'आणि'च वर येईल." सरांनी तोंड वाकडं करून असले सगळीकडे सापडणारे शब्द यादीतून काढले. मग वर आला 'पाणी'.

आता मात्र सर हवेतच तरंगायला लागले. 'पाण्याला', 'पाण्यात' अशी सगळी रूपं एकत्र धरली तर सहाशे तीस वेळा पाणी! म्हणजे दहा हजार शब्दांमागे तीस. त्याच काळातल्या दुसऱ्या लेखकांच्या कादंबऱ्यांत हेच प्रमाण चौदा. समीक्षकांनी बोचऱ्यांना कोरडा लेखक म्हटलं होतं, आणि इथं तर पूर आला होता. सरांनी 'जलतत्त्व आणि आदिम तृष्णा' असं दोनशे पानांचं प्रकरण पाडलं. त्यात सहा रंगीत आलेख होते आणि कादंबरीतलं वाक्य एकही नव्हतं.

सोमवारी अमरावतीला समितीपुढे शेवटचं सादरीकरण होतं. मुदतवाढ संपली होती. समितीनं नाही म्हटलं की नोंदणी रद्द, आठ वर्षं पाण्यात. त्या भीतीनं रविवारी दुपारी सरांनी लॅपटॉप आईसमोर मांडला आणि सराव सुरू केला. आई, म्हणजे पार्बताबाई, घरच्या मळ्यातल्या मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. ऐकायला तीच मोकळी होती, आणि उठून जाण्याची शक्यता सगळ्यात कमी तिचीच होती.

"या लेखकाच्या अंतर्मनात एक आदिम तृष्णा आहे," सर हात उंचावून म्हणाले.

"म्हंजे?"

"तहान. तो सहाशे तीस वेळा पाणी म्हणतो."

"कोन कोनाले म्हनते?"

"ते महत्त्वाचं नाही, माय."

"काहून नाही? पानी म्हननारा तहानलेला असते का पाजनारा, हे नको का पाहाले?"

सर चिडले. तिला गप्प करायचं म्हणून त्यांनी प्रोग्रॅममधली ती सोय उघडली, जिथं शब्द ज्या ज्या ओळीत येतो ती प्रत्येक ओळ एकाखाली एक दिसते. चार वर्षांत या बटणाला त्यांनी हात लावला नव्हता. पडद्यावर ओळी उतरल्या. 'या, बसा, पाणी घ्या.' 'अगोदर पाणी घ्या, मग बोलू.' 'घ्या पाणी, लांबून आले.' सर खाली सरकवत गेले, घाम पुसत गेले. सरपंच येतो, पाणी घ्या. व्यापारी येतो, पाणी घ्या. भांडायला आलेला शेजारीसुद्धा आधी तांब्या रिकामा करतो आणि मग शिव्या देतो.

"हे तं माह्यावानी झालं," आई म्हणाली. "मीबी दिवसभर येनाऱ्याजानाऱ्याले पानी घ्या म्हनतो. मंग माह्या पोटातबी तुई ती आदिम का काय म्हनतं ते निंघालं म्हनशीन का?"

स्वयंपाकघरातून सरांच्या बायकोचं, प्रतीक्षावहिनींचं हसू ऐकू आलं. सरांनी ओळी एकेक करून वेगळ्या केल्या. सहाशे तीसपैकी तीनशे ऐंशी नुसत्या आदरातिथ्याच्या! उरलेल्या अडीचशेचं प्रमाण दहा हजारांमागे बारावर आलं. दुसऱ्या लेखकांच्या घरचे पाहुणे अजून वजा केलेच नव्हते, त्यामुळे ही तुलनाही कच्चीच होती. पण पूर ओसरला होता, एवढं नक्की. सरांना रडू यायचं बाकी होतं.

हातचं जायला नको म्हणून त्यांनी प्रकरणवार आकडे काढले. चौथ्या कादंबरीत दोन ठिकाणी शून्य आलं, तिसऱ्या प्रकरणात आणि अकराव्यात. सरांना वाटलं, टाइप करताना पानं गळाली. त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं. तिसरं प्रकरण चाळलं. नायक एकटाच रात्रभर शेतात पिकाची जागल करतो, कोणी येत नाही, जात नाही. मग अकरावं उघडलं आणि पानं पूर्ण आहेत ना हे बघता बघता सर मोठ्यानं वाचायला लागले.

स्वतःच्या मर्जीनं लग्न करून गेलेली मुलगी नऊ वर्षांनी बापाच्या दारात येते. ओट्यावर बसते. बाप कपाशीबद्दल बोलतो, बैलाच्या खुराबद्दल बोलतो, सगळं नीट बोलतो. रागाचा एक शब्द नाही. उन्हं कलतात. मुलगी पदर सावरून उठते आणि निघून जाते. प्रकरण संपलं.

आईच्या हातातली जुडी सुटली. "पानी नाही देल्लं तिले?"

"नाही."

"दुश्मनाले देते हा मानूस. पोरीले नाही?" म्हातारीचे डोळे भरले. "हाकलून देल्ली असती तं बरं होतं." 

सरांनी पुस्तक मिटलं. हे प्रकरण त्यांनी आठ वर्षांपूर्वीही वाचलं होतं आणि 'वर्णन संथ' असा शेरा मारला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी संध्याकाळपर्यंत दोनशे पानांतली एकशे नव्वद उडवली आणि चारही कादंबऱ्या बरोबर घेऊन सकाळची एसटी धरली.

समितीसमोर एकच आलेख उरला होता. सर म्हणाले, "इथं पाणी म्हणजे तहान नाही. तू आमचा आहेस, असं सांगायची ती रीत आहे. लेखक ती तीनशे ऐंशी वेळा पाळतो, म्हणून एकदा मोडली की घाव बसतो." मग त्यांनी अकरावं प्रकरण वाचून दाखवलं.

समितीत बसलेल्या काळमेघ मॅडमनी चष्मा काढून आलेखावर बोट ठेवलं. "शून्य तिसऱ्या प्रकरणातही आहे, उमक. ते कसं सोडलं? तिथं काय अर्थ?"

कालपर्यंतच्या सरांनी या शून्यावर सहज चाळीस पानं लिहिली असती. जीव टांगणीला लागला होता, कारण एका चुकीच्या उत्तरावर सगळं जाणार होतं.

"तिथं काही अर्थ नाही, मॅडम," सर म्हणाले. "तिथं कोणी आलंच नव्हतं."

मॅडमनी मंजुरीच्या कागदावर सही केली.