सोळा आणि चार यांच्या मधली जागा

माझा डावा कान बहिरा आहे. घरातल्या पोरांना मी सांगतो, लहानपणी देवी आल्या तेव्हा गेला. ते खोटं आहे. तो कान एका गणितापायी गेला, आणि त्या गणितात माझं काहीही चुकलं नव्हतं. चुकलं असतं तर मी आज इतक्या रागानं लिहीत नसतो.

जर्मनांशी लढाई चालू होती त्या वर्षांत लोणावळ्याजवळ एका धरणाचं काम चाललं होतं. तुंगार्लीच्या अंगाला त्याची दगडाची खाण होती आणि मी खाणीच्या दारूकोठीवर कारकून होतो. दारू म्हणजे सुरुंगात ठासायची काळी दारू. कोठी खाणीपासून लांब, मधल्या टेकडीच्या पलीकडे बांधलेली, कारण कोठी उडाली तर खाण उडू नये. माझं काय, ते कुणी विचारात घेतलं नसावं. खाणीत काय चाललंय ते मला दिसत नसे, नुसतं ऐकू येई. घणांचे ठोके, शिव्या, कुणाला तरी मार पडत असल्याचा आवाज, आणि मग भुई हादरवणारा सुरुंगाचा दणका. एखाद्या दिवशी दणक्यानंतर बायकांचं रडणं ऐकू यायचं. तेव्हा मी हातातलं पितळी माप खाली ठेवून बसून राहत असे.

खाणीचा कारभार एका ओव्हरसियरच्या हाती होता. पुण्याकडचाच माणूस, हुशार, आणि हाताचा अत्यंत वाईट. वेताची छडी त्याच्या बगलेतच असे. भोक पाडून झालं की समोरचा किती फूट दगड फोडून काढायचा हे तो मोजायचा. त्या फुटांचा घन करायचा, त्याला बत्तिसांनी भागायचं, म्हणजे दारूचे पौंड निघत. आठ फूट असले तर आठ आठे चौसष्ट, चौसष्ट आठे पाचशे बारा, भागिले बत्तीस, सोळा. मग त्यात दुरुस्ती. दगड एकसंध, कुठे चीर नाही, तर पाव हिस्सा दारू जास्त. दगडाला चीर असली किंवा खालच्या अंगाला माणसांची वस्ती असली, तर पाव हिस्सा कमी. तो चिठ्ठीवर मूळ आकडा लिही, मग अधिक किंवा उणे, मग दुरुस्तीचा आकडा आणि बरोबरची खूण. त्यापुढची जागा मोकळी. उत्तर मी लिहायचं, तेवढी दारू तोलायची आणि चिठ्ठीसकट वर पाठवायची, म्हणजे एका हिशेबावरून दोघांची नजर फिरे. ही रीत त्यानंच घातली होती आणि ती चांगली होती, हे मला मान्य करावं लागतं.

माझ्या आधीच्या कारकुनाकडे एकदा चिन्ह पुसट झालेली चिठ्ठी आली. दारू कमी पाठवलेली बरी, असं समजून त्यानं वजाबाकी केली. दगड एकसंध होता. कमी दारूला तो फुटला नाही, आणि भोकाच्या तोंडाशी ठासलेली माती न् खडी तोफेच्या गोळ्यासारखी बाहेर आली. समोर उभ्या असलेल्या पाथरवटाची छाती फुटली. ओव्हरसियरनं त्या कारकुनाला खाणभर फिरवून मारलं आणि त्याच संध्याकाळी हाकललं. त्याच्या जागी मी आलो. त्यामुळे कमी दारू म्हणजे कमी धोका, ही समजूत माझ्या डोक्यात कधी शिरलीच नाही.

त्या दिवशी दुपारी चिठ्ठी घेऊन कुसगावचा एक गडी आला. दारूचे डबे वर न्यायचं काम त्याच्याकडे असे. उंचापुरा, बोलका माणूस. मी चिठ्ठी उघडली. सोळा, मग मोकळी जागा, मग चार, मग बरोबरची खूण. मध्ये काही नाही. मी कागद उन्हात धरून पाहिला. पुसलेलं नव्हतं, लिहिलेलंच नव्हतं. गुणिले धरलं तर चौसष्ट पौंड होतात, डोंगर बसला असता. भागिले धरलं तर चार, दगडाला गुदगुल्यासुद्धा झाल्या नसत्या. ते दोन्ही सोडूनच देऊ. पण वीस की बारा?

"येवढं काय बघताव, भाऊ?" तो म्हणाला. "बेरीजच असतीया की रोज. द्या भरून."

ते खरं होतं. त्या कड्याचा दगड कातळासारखा एकसंध लागला होता आणि अलीकडची प्रत्येक चिठ्ठी अधिकाची होती. मी सहज विचारलं, वर काही नवं-जुनं?

"काय न्हाई. खोपी तेवढ्या हलवल्या काल. झरा आटला नव्हं, म्हनून समद्यांनी खानीच्या खाली वढ्याकडंला नेल्या. माजी कारभारीन बाळंत झालीया तितंच. प्वॉर झालं, लय ग्वाड हाय." आणि तो हसला.

खाली वस्ती आली म्हणजे उणे. पण ओव्हरसियरला खोपी हलल्याचं माहीत होतं का? की माहीत असूनही दगड इतका घट्ट होता की त्यानं अधिकच धरलं होतं? सुरुंगाआधी लाल निशाण फिरे आणि माणसं हलत, पण कालची बाळंतीण कोण हलवणार? दगड न पाहता मी बारा म्हटलं तर कदाचित आणखी एका पाथरवटाची छाती. वीस म्हटलं तर कदाचित ती खोप.

तेव्हा मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. बरोबरच्या पुढची रिकामी जागा माझी होती, ती भरायला मला पगार मिळत होता. मधली रिकामी जागा माझी नव्हती. ती दगड पाहणाऱ्याची होती, आणि ती मी भरणं म्हणजे अक्कल नव्हे, आगाऊपणा. मी चिठ्ठी तशीच त्याच्या हातात दिली.

"परत ने. अधिक की उणे, साहेबांना विचार."

त्याचं हसू मावळलं. "भाऊ, म्या न्हाई जायाचो. सायब आज पेटल्यात. सकाळच्यान तिगांना बडवलंय. इचाराया गेलो तर माजी साल काढतील."

"मी कोठी सोडून जाऊ शकत नाही."

"मंग लिवा की बेरीज. कुनाला कळतंय?"

"ने म्हणतो ना," मी ओरडलो. त्यानं मला एक घाणेरडी शिवी दिली आणि निघाला.

थोड्या वेळानं टेकडीपलीकडून छडीचा आवाज आला. एक, मग एक, मग सलग. तो माणूस मोठ्यानं ओरडत होता आणि मी कोठीच्या दारात मुठी आवळून उभा होतो. मार मी पाठवला होता, दुसऱ्याच्या पाठीवर. तेव्हा काय वाटलं असं कुणी विचारलं, तर मला ओव्हरसियरचा खून करावासा वाटला. इतकंच खरं आहे.

मग ओव्हरसियर स्वतःच खाली आला. चिठ्ठी मुठीत चुरगळलेली, छडीला रक्त. कोठीत लोखंडी नालाचे बूट घालून शिरायची बंदी होती, एक ठिणगी पुरे. तेव्हा तो दारात बसला, नीट दोन्ही बूट काढले, बाजूला ठेवले, आत आला आणि माझ्या डाव्या कानाखाली अशी काही ठेवून दिली की मी फळीवर आपटलो. कानात शीळ सुरू झाली आणि काहीतरी ओलं गळ्याकडे उतरलं.

"एवढं गणित येत नाही? बिनडोक. वर माणसं खोळंबलीत."

"गणित येतं," मी म्हणालो. "वीस पण येतं आणि बारा पण येतं. तुम्ही खूण घाला, त्याशिवाय मी तोलणार नाही."

त्यानं मला केसांना धरून उठवलं आणि परत मारलं. मी परत तेच म्हणालो. धैर्य वगैरे काही नव्हतं, मला भयंकर राग आला होता आणि रागात मला दुसरं वाक्य सुचत नव्हतं.

शेवटी त्यानं माझ्या कानावरची पेन्सिल ओढली, कागद भिंतीवर दाबला आणि सोळाच्या पुढे टेकवली. आणि हात थांबला. मी बाजूनं बघत होतो. आडवी रेघ काढून झाली होती, उभी काढायला पेन्सिल उचलली होती, आणि तो तसाच उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. कड्याचा खालचा उतार त्याच्या डोळ्यांपुढून जात असावा, ओढा, काल आलेल्या खोपी. मग त्यानं उभी रेघ न काढता तीच आडवी रेघ पुन्हा गिरवली, इतकी दाबून की शिसं मोडलं.

"बारा," तो म्हणाला. बूट घातले आणि गेला.

दिवस कलताना सुरुंग उडाला. मला तो एकाच कानानं ऐकू आला, तेव्हाच कळलं की दुसरा गेला. दगड फुटल्याचा घरंगळता आवाजही आला, म्हणजे बारा पौंड पुरले होते. बायकांचं रडणं आलं नाही.

कोठीला कुलूप लावून मी निघालो, तर तो कुसगावचा गडी वाटेतच उभा होता. सदरा पाठीला चिकटलेला. त्यानं माझं नरडं धरलं आणि मला बांधाला दाबलं.

"तुमच्या एका रेघंपायी पाठ फोडली माजी. लिवली असती तर हात झडला असता तुमचा?"

श्वास मिळेना. मी त्याच्या मनगटावर बुक्क्या मारत कसंबसं म्हणालो, "बेरीज नव्हती. वजाबाकी होती."

त्याची पकड सुटली नाही, सैल झाली. "म्हंजी?"

"म्हणजे तू सांगितलेलं पाठवलं असतं, तर आजच्यापेक्षा आठ पौंड जास्त उडाले असते."

त्यानं मला सोडलं. मग मनगटाला धरून ओढ्याकडे घेऊन गेला. खोपीच्या कुडाला टेकून एक धोंडा पडला होता, पाण्याच्या हंड्याएवढा, ताजा फुटलेला. कूड वाकला होता, मोडला नव्हता. बारा पौंडांनी तो तिथवर आणला होता.

तो धोंड्यापुढे मटकन बसला. "म्याच बेरीज म्हनलो व्हतो," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागला, थांबेचना. मी त्याचे हात धरले. ते धरून ठेवायला मला सगळं बळ लावावं लागलं.

त्या आवाजानं आत पोर जागं झालं असावं. त्याची बायको काहीतरी बोलत होती, पण कूड माझ्या डाव्या हाताला होता आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी मान वळवून उजवा कान तिकडे केला. पोर रडत होतं.