उलटा युकाता

सुमिरे आओत्सुका ओसाकातल्या एका बाजारगल्लीत लोकांच्या सेल्फीवरून अ‍ॅनिमेसारखी चित्रं काढून द्यायची. डोळे मोठे, नाक नावापुरतं. पण माणूस ओळखू यायलाच हवा. त्यासाठी ती केसांची ठेवण, चष्मा आणि अंगावरची आवडती वस्तू, या तिन्हींना धक्का लावायची नाही. चष्म्याची वरची कड मात्र बारीक काढायची, म्हणजे डोळे झाकत नाहीत. सेल्फी आरशासारखी उलटी आहे का, हे ती प्रत्येकाला विचारून घ्यायची. एकदा हातानाकासान नावाचे गृहस्थ चित्र काढून घ्यायला आले, त्यांना मात्र तिनं हे विचारलं नाही.

त्यांची मुलगी चिनात्सु वसंतात वारली होती. सतरा वर्षांची पोर. आदल्या उन्हाळ्यात जत्रेला निघताना तिनं काढलेली सेल्फी त्यांनी आणली होती. कपाळावर कापलेले केस, गोल चष्मा, केसांत काचेच्या मासोळीचा काटा आणि अंगात युकाता. त्या झग्याची डावी कड उजवीवर येते. उलटी नेसवतात ती फक्त मढ्याला. फोटोत कड उलटी दिसत होती. जिवंत पोर असं कशाला नेसेल? फोटोच उलटा आहे, असं धरून सुमिरेनं तो फिरवला आणि चित्र काढलं.

चित्र पाहून हातानाकासान आधी खुलले. तिचा आजार जीवघेणा आहे, हे तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, तेवढं एक पुण्य पदरात पडलं, असं ते सांगत होते. मग त्यांचा चेहरा उतरला.

"काटा डावीकडे हवा, ताई. उजव्या बाजूला तिचे केस विरळ झाले होते. तिथं काटा टिकायचाच नाही."

सुमिरेनं मूळ फोटो पुन्हा पाहिला. म्हणजे फोटो सरळच होता. चूक कबूल करून तिनं भीत भीत विचारलं, "तिला युकाता नेसता यायचा ना?"

"आजीनं शिकवलं होतं. गल्लीतल्या पोरींना तीच तर नेसवायची," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर फोटोतल्या उलट्या कडेवर अडली.

फक्त काटा हलवून देऊ का, असं सुमिरेनं विचारलं. युकाताची कड सरळच राहू द्यावी, असं तिला फार वाटत होतं. इतकं खोटं कुणाला डाचलं असतं? त्यांनी नकारार्थी मान हलवली.

तिनं पडद्यावरचं अख्खं चित्र फिरवलं. काटा डावीकडे आला, कड उलटी झाली. चष्म्याआडून पोर हसत होती.

"आम्ही वर्षभर तिच्यासमोर हसत होतो," हातानाकासान म्हणाले. "वाटायचं, आम्ही तिला फसवतोय."

मग ते हमसून हमसून रडले. जरा सावरल्यावर, पोरीला सगळं ठाऊक होतं हे तिच्या आईला सांगू नका, एवढंच त्यांनी सुमिरेला विनवलं.