दोन कोपरे आणि एक दाढ

लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत एक बाई बसते. नावं लिहून घेणं, फोन उचलणं, सांडलेलं पाणी पुसणं, सगळं तीच करते. मुलं तिला मावशी म्हणतात आणि त्यांच्या आयाही मावशीच म्हणतात, मग त्या वयानं तिच्याहून मोठ्या का असेनात. शिक्षण सातवीपर्यंत, तेही रखडतच. पण तिच्या मेजावर एक पाटी असते, आणि त्या पाटीपुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही.

पाटीवर दोन आडव्या, दोन उभ्या रेघा. फुल्ली-गोळा. हे सुरू झालं ते एका मुलापायी. तो बाकाखाली शिरला आणि बाहेर येईचना. मावशीही बाकाखाली शिरली. शिरताना आतलं पोर हसलं, कारण मावशी काही सडपातळ नव्हे. तिथेच करार ठरला: पहिली खेळी तुझी. तू जिंकलास तर आज घरी जायचं, कोणी अडवणार नाही. हरलास किंवा बरोबरी झाली, तर गुपचूप खुर्चीत बसायचं. आणि खडू पाटीला टेकला की खेळी पक्की, पुसापुशी नाही.

तेव्हापासून एकोणीस वर्षं मावशी हरलेली नाही. जिंकायचा तिला सोसही नाही. बरोबरी झाली की तिचं काम झालं. जिंकता येत असलेले कितीतरी डाव ती मुद्दाम बरोबरीत सोडवते, म्हणजे पोराचा चेहरा उतरत नाही. तिचा नवरा म्हणतो, घरीही हिच्याशी भांडण कधी निकाली निघत नाही, बरोबरीतच सुटतं आणि भांडी मात्र मी घासतो.

तिची रीत साधी. मधलं घर मोकळं असेल तर आधी ते घ्यायचं, नंतर एखादा कोपरा. आणि सारखं डोळ्यांत तेल घालून बघायचं की समोरच्याची कात्री तर होत नाही ना. कात्री हा तिचा शब्द. एकाच खेळीनं दोन रेघा एकदम तयार झाल्या, दोन्हींत एकेकच घर उरलं, की झाली कात्री. एक पातं अडवलं तर दुसरं कापतं. म्हणून कात्री झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो, ती व्हायच्या आधीच मोडावी लागते.

एका सकाळी एक आजोबा आठ वर्षांच्या नातीला घेऊन आले. पोरीचा उजवा गाल असा टम्म फुगलेला, जणू तोंडात लिंबू धरलंय. डॉक्टरबाईंनी दारातच दिव्याच्या उजेडात बघितलं आणि मावशीला बाजूला घेऊन सांगितलं की दुधाची दाढ आहे, मुळाशी पू झालाय, आजच काढायला हवी. उद्यापासून चार दिवस त्या नव्हत्या आणि इतकं थांबणं बरं नव्हतं.

पोरगी मात्र बाकाला चिकटून बसली होती. तळहातानं गाल धरलेला, नजर सरळ पाटीवर.

"मला माहितीये तुझा करार," ती म्हणाली. "शाळेत सगळ्यांना माहितीये. जिंकले तर घरी."

"जिंकलीस तर घरी," मावशी म्हणाली.

आजोबा कुजबुजले की अहो, खेळ कसला लावताय, मी धरतो हिला. मावशीनं मान हलवली. धरून बसवलेलं पोर एकदा बसतं आणि मग दवाखान्याच्या गल्लीतूनसुद्धा जात नाही, हे तिनं पाहिलेलं होतं. आणि शब्द दिला तो दिला. एकदा मोडला की ती पाटी नुसती पाटीच राहिली असती.

पोरीनं वरच्या डाव्या कोपऱ्यात फुल्ली मारली. मावशीनं मधल्या घरात गोळा काढला. कोपऱ्याला हेच एक उत्तर, बाकी कुठेही गेलं तर पुढे रडायची पाळी येते. मग पोरीनं जराही विचार न करता खालच्या उजव्या कोपऱ्यात फुल्ली मारली. समोरासमोरचे दोन कोपरे, आणि मध्ये मावशीचा गोळा.

मधलं झालं, आता कोपरा. एकोणीस वर्षांची सवय. मावशीचा हात वरच्या उजव्या कोपऱ्याकडे निघालासुद्धा. खडू पाटीपासून बोटभर वर असताना तिच्या लक्षात आलं की पोरीनं गाल सोडलाय. इतका ठणकणारा गाल, आणि दोन्ही हात मांडीवर. श्वाससुद्धा रोखलेला.

मावशीचा खडू हवेतच थांबला.

तिनं मनातल्या मनात डाव पुढे चालवून पाहिला. इथे गोळा काढला तर मधल्याला धरून माझी तिरपी रेघ होत येते. ती अडवायला पोरीला खालच्या डाव्या कोपऱ्यात यावंच लागेल. आणि ती तिथे आली की तिचे तीन कोपरे. डावी उभी रेघ तिची, खालची आडवीही तिची, दोन्हींत एकेक घर रिकामं. कात्री! आणि त्या घरात तिला ढकलणार कोण, तर मीच. दुसरा कोपरा घेतला तरी तेच, फक्त कात्री वरच्या बाजूला.

म्हणजे कोपरा नको, कड हवी, दोन कोपऱ्यांमधलं घर. पोरीला असं काही अडवायला लावायचं की अडवताना तिची कात्री होणार नाही.

मावशीनं हात सरकवला आणि वरच्या ओळीच्या मधल्या घरात गोळा काढला. पोरीचा हात पुन्हा गालावर गेला.

मग डाव आपोआप पळाला. मावशीची उभी रेघ अडवायला पोरीनं खालच्या मधल्या घरात फुल्ली मारली. त्यानं पोरीची खालची ओळ होत आली, ती मावशीनं डाव्या कोपऱ्यात अडवली. त्यातून मावशीची तिरपी रेघ होत आली, ती पोरीनं वरच्या उजव्या कोपऱ्यात अडवली. आता पोरीची उजवी उभी रेघ होत आली. मावशीनं त्या रेघेच्या मधल्या घरात गोळा काढला. राहिलेलं डावीकडचं घर पोरीनं भरलं नसतं तर मावशीची आडवी ओळ झाली असती. तिनं भरलं. पाटी भरली. कोणीच जिंकलं नाही.

आजोबांनी पोरीला काहीतरी घेऊन द्यायचं कबूल करायला तोंड उघडलं. मावशीनं त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

पोरीनं पाटीवरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तू कोपऱ्यातच काढणार होतीस," ती म्हणाली.

"होय."

"माझा आतेभाऊ म्हणाला होता, मोठी माणसं कोपऱ्यातच काढतात. मग काढला का नाहीस?"

"तू गाल धरायची थांबलीस म्हणून," मावशी म्हणाली. "दाढ दुखायची थांबली असेल तर कशामुळे थांबली, ते बघायला नको?"

पोरीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू मावशीनं तिच्या दप्तरातून काही चोरलंय. मग उठली आणि आपल्या पायांनी आत गेली. सुई टोचताना तिनं मावशीचं बोट असं आवळलं की ते संध्याकाळपर्यंत वाकत नव्हतं. पण ती रडली नाही. करार तो करार.

दाढ निघाली. हात धुता धुता डॉक्टरबाई म्हणाल्या की मावशी, आज फार वेळ लागला. मावशीनं खरं ते सांगितलं, की आज हरलेच होते.

"आणि हरला असतात तर?"

"तर घरी पाठवली असती. मग तिच्या मागोमाग तिच्या घरी गेले असते, पाटी घेऊन. दुसरा डाव खेळायला."

डॉक्टरबाई हसल्या. मावशी मात्र थट्टा करत नव्हती.

ती बाहेर आली. कापूस दाबून अर्धा तास बसायचं होतं, म्हणून पोरगी बाकावरच होती. शेजारी दोन वेण्यांची एक नवी मुलगी रडवेली होऊन बसलेली. तोंडात कापूस, त्यामुळे आपल्या पोरीला बोलता येत नव्हतं. ती पाटीवर बोटानं दाखवत होती: हा कोपरा, मग तो समोरचा कोपरा. मग तिनं त्या मुलीचा हात धरला, तिच्याच गालावर ठेवला आणि वरून घट्ट दाबला. काही झालं तरी सोडायचा नाही.

मावशीनं पदरानं पाटी पुसली, खडू उचलला आणि समोर बसली.

"चल," ती त्या नव्या मुलीला म्हणाली, "पहिली खेळी तुझी."