पांढऱ्या दोन तारा

आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या तक्रारवहीत एक शेरा इतक्या वेळा लिहिला गेला आहे की आजही तो वाचला की मला किळस येते. ‘अंतर जास्त. लाइन ठीक.’ त्यातले निम्मे शेरे माझ्या अक्षरात आहेत. माझं अक्षर चांगलं आहे, त्याची तर आणखीच लाज वाटते.

हा शेरा धडधडीत खोटा असता तर बरं झालं असतं. खरी घाण ही की तो बहुतेक वेळा खरा असे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड जातं तेव्हा जितकी तार लांब तितका सिग्नल थकत जातो, आणि फ्रिक्वेन्सीची जी पट्टी जितकी उंच तितकी ती आधी मरते. एक्स्चेंजच्या भिंतीला टेकून राहणाऱ्याला वीस एमबी मिळे, तर साडेतीन किलोमीटरवरच्याला चार मिळाले तरी नशीब. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. आम्ही त्यातून एवढंच शिकलो की लांबच्या माणसाकडे जायची गरज नाही. तक्रार आली की एक्स्चेंजातच त्या नंबरला मोडेम लावून बघायचा. तिथे तार हातभर, स्पीड फुल्ल. मग शेरा मारून वही मिटायची. गावातल्या माणसाला ताप आला म्हणून डॉक्टरनं स्वतःच्याच काखेत थर्मामीटर लावावा, असला तो कारभार होता.

मी जळगावचा. बदली झाली ती शिंदखेडा तालुक्यातल्या एका लहानशा एक्स्चेंजला. शनिवारी एसटीनं एरंडोलवरून घरी जायचं, सोमवारी परत यायचं. हाताखाली कोणी नाही, वर एक साहेब. साहेबांना तक्रारवही कोरी दिसली की आनंद होई. रस्त्याकडेला तारा वाटून देणारी पिलरची पेटी उघडली की आत गुटख्याच्या पिचकाऱ्या, उंदरांच्या लेंड्या आणि कोणीतरी खोचून ठेवलेली लग्नपत्रिका. त्यात हात घालायचा आणि त्याच हातानं डबा खायचा. पहिल्या वर्षी किळस येई. नंतर येईनाशी झाली, आणि आता वाटतं, तिथेच माझं बिघडलं.

साडेतीन किलोमीटरवरच्या गावात एका बाईंचं ऑनलाइन सेवा केंद्र होतं. उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, म्हाताऱ्यांचे अंगठे घेऊन हयातीचे दाखले, असली कामं. मी त्यांना ताई म्हणे. त्याआधी दहा वर्षं त्या गावातल्याच मिरचीच्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर देठ खुडायला बसत. तोंडाला फडकं बांधून दिवसभर लाल मिरची हाताळायची. घरी गेल्यावर तो हात पोराच्या डोळ्याला लावायची सोय नाही, असं त्या हसून सांगत. तिशी उलटल्यावर संगणक शिकल्या, परीक्षा दिली आणि पुढच्या खोलीत केंद्र थाटलं. मोबाइलला तिथे धड रेंज नव्हती, म्हणून आमची तार घेतली. केंद्राचा नियम असा, की महिन्याला ठरावीक कामं नेटवरून वर गेलीच पाहिजेत. सलग दोन-तीन महिने कमी पडली की परवानगी काढून घेतात. ताईंच्या हातात होतं ते एवढंच, आणि ते आमच्या तारेवर टांगलेलं.

त्यांची पहिली तक्रार आली, मी शेरा मारला. दुसरी आली, शेरा मारला. चौथ्यांदा त्या स्वतः आल्या. बरोबर शाळेची दुरेघी वही. तिच्यात तारीख, वेळ आणि मोडेमचा दिवा स्थिर की लुकलुकता, हे महिनाभराचं ओळीनं लिहिलेलं.

मी पाठ केलेलं म्हटलं, “ताई, तुमचं गाव लांब आहे. अंतराला आम्ही काय करणार?”

“भाऊ, तार सकायले आखूड ऱ्हास आनि दुपारले लांब व्हस का?”

मला हसू आलं आणि लगेच जिरलंही. वहीत स्पष्ट होतं. सकाळी सातपासून दहापर्यंत दिवा स्थिर, दाखले भराभर वर जाणारे. दहानंतर लाइन तुटते, पुन्हा जुळते, कागद चढवायला लागलं की अर्ध्यात अडकते. ज्या दिवशी बाजार बंद, त्या दिवशी दिवसभर ठीक.

“तठे व्यापारीनं दुकान उघडस, अठे मना दिवा लुकलुकाले लागस,” त्या म्हणाल्या. “बठ्ठं लिखेल शे. देखी ल्या.” सगळं खरंच लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. सुताचा गुंता ताईंनी सोडवून हातात दिला होता, तेव्हा जाणं भाग होतं. व्यापाऱ्याचं दुकान ताईंच्या घरापासून एक्स्चेंजच्या बाजूला आठशे मीटर अलीकडे, स्टँडजवळ. नंबर त्याच केबलमधला. मिरचीच्या ठसक्यानं शिंकत शिंकत मी त्याच्या मोडेमचं बटण बंद केलं आणि ताईंना त्यांच्याच लँडलाइनवर फोन लावला. त्यांना मोडेम एकदा बंद-चालू करायला सांगितलं.

“स्थिर शे भाऊ.”

मी बटण चालू केलं. व्यापाऱ्याचा मोडेम जुळायला लागला, आणि मिनिटभरात फोनवर आवाज आला, “गया.”

एका केबलमध्ये शेजारी शेजारी धावणाऱ्या जोड्या एकमेकींत थोडं बोलतातच. म्हणून तर प्रत्येक जोडीच्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो. पिळामुळे शेजारच्या जोडीचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि पलीकडे आपोआप वजा होतो. थोडा उरतो, त्यानं थोडा स्पीड कमी होतो. पण शेजाऱ्यानं बटण दाबताच लाइन तुटावी, इतका गोंगाट म्हणजे कुठेतरी पीळ फसलेला. त्यातून व्यापाऱ्याचा मोडेम जवळचा, त्याचा आवाज मोठा. ताईंचा दुरून थकून येणारा, तो त्याखाली दबून जाई. म्हणून त्यांचे कागदच वर चढत नसत.

कुठे फसला असेल, हे मला तिथेच, त्या मिरचीच्या पोत्यांमध्ये उभ्या उभ्या कळलं.

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना जेसीबीनं केबल तोडली होती. सणाच्या आदल्या दिवशी मी खड्ड्यात उतरून मधे दोनेकशे मीटरचा तुकडा घातला, दोन्ही टोकांना जॉइंट केले. केबलच्या आत जेली भरलेली असते. ती बोटांना, मनगटाला, घड्याळाच्या पट्ट्याला चिकटते आणि रॉकेलनं धुतली तरी वास जात नाही. पहिली जोडी पांढरी-निळी, दुसरी पांढरी-नारिंगी. शहाणा माणूस पीळ बोटभरच उकलतो. मी घाईत वीतभर उकलला, आणि दोन्ही पांढऱ्या तारा मोकळ्या झाल्या की जगातल्या कोणत्याही माणसाला त्या वेगळ्या सांगता येत नाहीत. मी अंदाजानं जोडल्या. पलीकडच्या जॉइंटला एकेक तार बझरवर तपासली, जशी वाजली तशी जोडली, आणि दोन्ही फोन चालू झाले. म्हणजे त्या दोनशे मीटरमध्ये ताईंची एक तार तिच्या जोडीदारणीला सोडून शेजारच्या जोडीत पिळलेली राहिली, आणि व्यापाऱ्याची एक ताईंच्या जोडीत. मीटर लावला तर इन्सुलेशन ठीक, रेझिस्टन्स ठीक. मीटरला पिळातलं काही समजत नाही. मागे एकदा व्यापाऱ्यानं फोनवर बाईचा बारीक आवाज ऐकू येतो म्हणून तक्रार केली होती. त्यावरही मी ‘लाइन ठीक’ लिहिलं होतं.

मी साहेबांकडे गेलो. जॉइंट उकरायला दोन मजूर मागितले.

“कशासाठी?” साहेब म्हणाले. “तांबं जाणार, फायबर येणार. एका कनेक्शनसाठी रस्ता खोदू?”

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, साहेब, चूक माझी आहे, लेखी देतो. लेखी दिलं असतं तर त्यांना खोदावंच लागलं असतं. शब्द जिभेवर होते. पण माझी जळगावला बदली होण्याचं चाललं होतं आणि असला कागद फाइलला लागायला नको होता. मी “बरं” म्हणालो आणि बाहेर येऊन चहा प्यायलो. तो चहा आठवला की आजही स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

ताईंना मी सांगितलं, सकाळी लवकर काम उरका. त्या सात वाजता केंद्र उघडू लागल्या. पण दाखल्याला लागणारा तलाठ्याचा कागद माणसं अकरानंतर घेऊन येत. म्हातारे अंगठा द्यायला येत, दोन तास बसत आणि एसटी धरून तालुक्याला जात.

अडीच महिन्यांनी फायबरचा पाइप टाकायला दुसरेच लोक आले आणि त्यांच्या खड्ड्यात माझा जॉइंट उघडा पडला. मी दोन्ही टोकं फोडली. दोन पांढऱ्या तारा, माझ्याच हाताच्या, अदलाबदल झालेल्या. कापल्या, आपापल्या जोडीत घातल्या, पीळ पार जोडापर्यंत नेला. प्रत्येक टोकाला दहा मिनिटं लागली. फक्त दहा.

तसाच बरबटलेल्या हातांनी ताईंकडे गेलो. दुपारचे बारा, व्यापाऱ्याचं दुकान उघडं, आणि मोडेमचा दिवा ढिम्म स्थिर. मी म्हटलं, आता एखादा दाखला चढवून बघा. त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. पडद्यावर लिहिलं होतं, की या केंद्राची परवानगी रद्द करण्यात आली आहे. आठ दिवस झाले होते.

“काय व्हतं भाऊ?” त्यांनी विचारलं.

“जॉइंटमध्ये दोष होता.”

“कोनी करेल व्हता?”

“जुनं काम आहे ताई. कोणास ठाऊक.”

त्यांनी मला हात धुवायला पाणी दिलं, साबण दिला, आणि निदान दोष तरी सापडला म्हणून चहा केला. मी तोही प्यायलो.

महिन्याभरानं त्या कनेक्शन बंद करायला एक्स्चेंजात आल्या. मोडेम कापडी पिशवीत होता. पिशवी टेबलावर ठेवताच मला शिंका सुरू झाल्या, एकामागून एक. त्यांनी पिशवी उचलून घाईनं खाली ठेवली आणि म्हणाल्या, खळ्यावरनीच आली, राग नका मानू. बोटांची टोकं लाल होती, नखांत बिया अडकलेल्या.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो, बंद करण्याचं कारण. मी पेन त्यांच्यापुढे केलं.

“तुम्हीच लिखा भाऊ,” त्या म्हणाल्या. “तुमले बठ्ठं म्हाईत शे.”

मागच्या टेबलावर साहेब बसले होते. मी कागद ओढला आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘अंतर जास्त.’

ताईंनी कागद जवळ घेऊन वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग सही केली.