शेवटच्या प्रवेशात कोण बसलं होतं

माणूस मरतो, पण कथेत उतरला की कायमचा जगतो. हे वाक्य मी आजवर अकरा सत्कारांत म्हटलं आहे. दर वेळी टाळ्या पडल्या, दर वेळी शाल मिळाली, आणि एकदाही कुणी विचारलं नाही की कथेत उतरताना माणसं जशीच्या तशी उतरतात का.

हे सगळे सत्कार एकाच कथेचे. मी राहुरीला हायस्कुलात मराठी शिकवत असे, तेव्हा लिहिलेली. वडील सोनईच्या घरी एका दुपारी वारले, त्याची कथा. वडील शुगर फॅक्टरीत टाइमकीपर होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. कथेत मुलगा उशाशी बसून त्यांचा हात हातात घेतो आणि तो हात हळूहळू गार होत जातो. या गार होण्याला मी दोन पानं दिली होती. वाचकांची पत्रं यायची, त्यांना हीच दोन पानं आवडलेली असत.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी राहुरीच्याच कॉलेजातल्या मराठीच्या एक बाई घरी आल्या. त्यांनी नाट्यशास्त्राची पदविका घेतली होती आणि नगरच्या एकांकिका स्पर्धेसाठी त्यांना संहिता हवी होती. "सर, तुमच्या कथेची एकांकिका करायची. रूपांतर तुम्हीच करा." मी थोडा नाही-नाही म्हणालो, जेवढं म्हणायची पद्धत आहे तेवढं, आणि आठ दिवसांत लिहून दिलं.

बाईंनी लाल पेन काढलं. चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांवर मी जे केलं ते माझ्यावर होताना बघणं शिक्षणाच्या दृष्टीनं चांगलं असतं.

"ही काय रंगसूचना आहे, सर? '(त्याच्या मनात बालपणीच्या आठवणी दाटून येतात.)'"

"का?"

"प्रेक्षकाला कुठून दिसणार? कंसात फक्त दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच लिहायचं. तो उठतो, बसतो, खोकतो. दाटून येतात ते नटाच्या चेहऱ्यावर येऊ दे, नाही आलं तर आपलं नशीब."

मग त्यांनी कथेतली सात ठिकाणं कापून एक केलं: घरातली पुढची खोली. फॅक्टरीचा भोंगा बाहेरून येणारा आवाज झाला. बालपण गेलं. दवाखाना गेला, तो फक्त बोलण्यात उरला. निवेदकाचे सुंदर परिच्छेद तर एका रेघेत गेले. तीन प्रवेश उरले. प्रत्येकाच्या डोक्यावर स्थळ आणि वेळ, खाली पडदा उघडताना कोण कुठे आहे ते, मग पात्राचं नाव आणि त्याचं वाक्य. पंचवीस पानांची माझी कथा या हिशेबानं बरीच गप्प माणसांची निघाली.

तालमी कॉलेजच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाचला सुरू झाल्या. हालचाली बसवायच्या दिवशी खाट मध्ये आडवी टाकली होती. मुलाचं काम करणारा बँकेतला कारकून विचारायला लागला, "सर, मी हात कुठल्या बाजूनं धरू? पुढून बसलो तर नाना झाकले जातात, मागून बसलो तर मी दिसत नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कुठं बसला होता?"

मी म्हणालो, "बाजूला." कुठल्या बाजूला, ते सांगता येईना.

तेवढ्यात बहिणीचं काम करणारी मुलगी म्हणाली, "आणि सर, मी कधी जाऊ?"

"कुठं?"

"मी नानांना पाणी पाजायला येते. पाजते. त्यानंतर मला वाक्य नाही, आणि जाते असंही लिहिलं नाही. मी काल शेवटपर्यंत उभीच होते, रिकामा तांब्या घेऊन."

सगळे हसले. बाई म्हणाल्या, "कथा लिहिणाऱ्यांचं हे नेहमीचं. कागदावर माणसाचा उल्लेख थांबवला की तो गेल्यासारखा वाटतो. रंगमंचावर आलेल्या माणसाला बाहेर काढावं लागतं. ती कुठून जाते, सर?"

मी कथा चाळली. आठव्या पानावर बहीण, म्हणजे अक्का, तांब्या घेऊन येते आणि त्यानंतर कुठेच नाही. अकरा सत्कारांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यात मीही होतो.

दुसऱ्या दिवशी सोनईला गेलो. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गावातच दिलेली, म्हणून आई गेल्यावर नानांचं आजारपण तिनंच काढलं. आता मुला-सुनेकडे असते. ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी नानांना पाणी दिल्यावर तू कुठं गेलीस?"

"कुठं जानार? तितंच हुते."

"म्हणजे मी येईपर्यंत?"

"मग काय बाजारात जाऊ?"

इथं मला एक सांगायला हवं, जे कथेत नाही. त्या दिवशी सकाळी मी नगरला गेलो होतो. अक्काला सांगितलं, औषध आणायला. औषध आणलंही. पण गेलो होतो एका साहित्य मेळाव्यात कथा वाचायला. वाचून झाल्यावर पाहुण्यांबरोबर फोटो होता, फोटोग्राफर उशिरा आला, आणि माझी दोनची एस. टी. चुकली. पाच वाजता घरी पोचलो. दार आतून लावलेलं होतं. अक्कानं उघडलं आणि म्हणाली, "आत्ताच गेले." मी नानांच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय गार होते.

थोडी मिनिटं चुकली, असं मी धरून चाललो. एवढी मिनिटं लेखकाला भरून काढता येतात. मी भरून काढली, दोन पानांत.

"अक्का, नाना किती वाजता गेले?"

तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "साडेबाराला. भोंगा झाला, त्याच्या मागनं."

"तू म्हणालीस आत्ताच."

"म्हनलं हुतं."

"साडेचार तास तू एकटी बसलीस? शेजारी कुणाला हाक नाही मारलीस?"

"हाक मारली असती तर गाव गोळा झालं असतं. ल्योक कुठाय म्हनले असते. काय सांगू? फोटू काढाया गेलाय?"

फोटोचं तिला ठाऊक होतं. मेळाव्याची पत्रिका, खाली पाहुण्यांबरोबरच्या फोटोची वेळ छापलेली, माझ्या शर्टाच्या खिशात तिला आदल्या दिवशीच सापडली होती, धुताना.

"शेजारची काकू आल्ती दोनदा. दारातनं इचारलं, काय म्हनत्यात गं आता? म्या आतनंच सांगितलं, झोपलेत. भाऊ बसलाय जवळ."

मीही एक शेंग फोडायला घेतली. ती म्हणाली, "माश्या लई हुत्या. पदरानं हाकलत हुते. दुसरं काय न्हाई."

"कथा वाचलीस ना तू माझी?"

"वाचली की. लई चांगली लिवलीय. सुनेनं बी वाचली. म्हनली, मामा किती हळवे." आणि हसली.

मी सांगितलं, मी हे दुरुस्त करणार. नाटकात खरं दाखवणार. ती म्हणाली, "काय करायचंय आता?" आणि सूप घेऊन आत गेली. मी तो होकार समजलो. स्तब्धतेचा अर्थ सोयीनं लावायची सवय मला आधीपासून होतीच.

राहुरीला परतलो आणि शेवटचा प्रवेश फाडून नव्यानं लिहिला. एवढाच झाला:

प्रवेश तिसरा
(स्थळ: तेच. वेळ: त्याच दिवशी, दुपारी साडेबारा. खाटेवर नाना. उशाशी मुलगी, हातात तांब्या. बाहेर फॅक्टरीचा भोंगा. ती नानांच्या तोंडाशी तांब्या नेते. थांबते. तांब्या खाली ठेवते. उठून दाराला कडी लावते. परत येऊन बसते. पदरानं माश्या हाकलते.)
शेजारीण: (बाहेरून) काय म्हनत्यात गं आता?
मुलगी: झोपलेत. भाऊ बसलाय जवळ.
(ती बसून राहते.)

बाईंनी वाचलं. लाल पेन उचललं नाही. मग म्हणाल्या, "मुलगा या प्रवेशात नाहीच?"

"नाही."

"किती वेळ बसेल ती? रंगमंचावर एक मिनिटसुद्धा फार असतं, सर."

"चार मिनिटं."

बँकेतल्या कारकुनाचं शेवटचं रडणं गेलं. तो दोन दिवस तालमीला आला नाही. मला त्याचं वाईट वाटलं, कारण ते रडणं मीच लिहिलं होतं आणि मलाही ते आवडायचं.

प्रयोगाला अक्काला घेऊन गेलो. नगरचं नाव बदललंय, पण कंडक्टरनं "चला नगर, नगर" म्हणूनच एस. टी. भरली. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा थिएटरात आलेली; सोनईची आणखी चार माणसं आमच्या मागच्या रांगेत बसली होती. कथा गाजलेली, म्हणून मुद्दाम आलेली.

तिसरा प्रवेश सुरू झाला. मुलीनं कडी लावली. काकू विचारून गेली. मुलगी म्हणाली, "भाऊ बसलाय जवळ," आणि प्रेक्षकांनी खाटेजवळची रिकामी जागा पाहिली. मागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हंजे ह्यो हुताच न्हाई?" मला बरं वाटत होतं. लाज वाटते आहे, याचं बरं वाटत होतं. अक्का खुर्चीच्या कडेला सरकून बसली होती, हात मांडीवर.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"ती पोरगी चांगली बसली."

आम्ही स्टँडपर्यंत चालत आलो. मग ती म्हणाली, "सवताला कशाला काढलंस त्यातनं?"

"खरं तेच दाखवलं, अक्का. तू होतीस."

"म्या हुते ते मला म्हाईत हुतं." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तीस वर्सं म्या कुनाला सांगितलं न्हाई. ह्यांना न्हाई, पोरांना न्हाई. एवढी एकच गोष्ट दिली हुती तुला. तू तिकीट लावून सांगितलीस."

मी काहीतरी बोललो. सत्य, कलावंत, असे दोन-तीन शब्द त्यात होते. तिनं ते ऐकले नाहीत, आणि ते तिनं ऐकावेत असं मलाही वाटलं नाही. एस. टी. आली. ती खिडकीशी बसली आणि सोनईपर्यंत बाहेर बघत राहिली. उतरताना म्हणाली, "जपून जा."

त्यानंतर मी सोनईला तीनदा गेलो. ती चहा देते, जेवून जा म्हणते, सुनेच्या तब्येतीचं सांगते. नानांचा विषय निघाला की आत जाते, आणि मी जाईपर्यंत बाहेर येत नाही.

स्पर्धेचा निकाल आठवड्यानं लागला. परीक्षकांनी लिहिलं होतं की शेवटचा प्रवेश विनाकारण लांबला आहे आणि मूळ कथेतलं सत्य रूपांतरात हरवलं आहे. प्रकाशयोजनेला मात्र उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. दिवे बाईंच्या कॉलेजच्या ग्रंथपालांकडे होते. शेवटच्या प्रवेशाच्या त्या चार मिनिटांत ते दिवे तसेच सोडून बाहेर चहा प्यायला गेले होते.