ग्रुपवर पडलेलं पत्र

मैत्रिणी विचारतात, "पोस्टात आता असतं तरी काय गो? पत्रं लिहितंय कोण?" मी म्हणते, पत्रं कमी झाली, माणसं तेवढीच राहिली. आणि माणसं काउंटरवर आली की किस्सा ठेवूनच जातात. एकोणीस वर्षं मी पेणला काउंटरवर बसते. इतके किस्से जमलेत की घरी जेवताना एक सुरू केला की मुलगी म्हणते, "आई, हा झालाय."

त्यात मी मुळात घाबरट. घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघते आणि एसटी स्टँडपर्यंत आले की गॅस आठवतो. त्यामुळे जे किस्से बाकीचे हसत सांगतात, ते घडताना मी देव पाण्यात घालून बसलेली असते.

* * *

डोलवीच्या कंपनीत काँट्रॅक्टवर असलेला एक माणूस. साहेबाशी वाजलं, तिरीमिरीत राजीनामा लिहिला, पाकिटात घातला आणि आमच्या दारातल्या लाल पेटीत टाकून मोकळा झाला. तासाभराने घामाघूम होऊन काउंटरवर. "मॅडम, पेटी उघडा. माझी नोकरी आत हाय."

आता पेटी अशी कुणासाठी उघडत नाहीत. टाकलेलं टपाल परत हवं असेल तर लेखी अर्ज द्यायचा, ओळखपत्र दाखवायचं आणि पाकिटावरचा पत्ता आपल्या हाताने परत लिहून दाखवायचा. अक्षर जुळलं तर विचार होतो. त्या माणसाचा हात इतका कापत होता की पत्ता जुळेना. पाकिटावर रागातलं अक्षर, कागदावर भीतीतलं. मी मनात देवाचं नाव घेत बसले. शेवटी आमच्या मास्तरांनी, म्हणजे पोस्टमास्तर साहेबांनी, त्याला पाणी पाजलं, बाकावर बसवलं, पाचव्यांदा लिहून घेतलं तेव्हा कुठे जुळलं. थैली बंद व्हायला दहा मिनिटं होती.

त्याने पाकीट तिथेच फाडलं आणि मास्तरांच्या पाया पडला. दोन दिवसांनी पुन्हा हजर. "मॅडम, तो परत घ्यायचा फॉर्म एक देऊन ठेवता काय? आज परत वाजलंय."

* * *

म्हात्रेभाऊ आमचे सगळ्यात जुने पोस्टमन. खाडीकडची गावं त्यांच्या बीटवर. उंच, काळेसावळे, बोलणं मोजकं, आणि मोबाईलशी उभा दावा.

मागे ते काही महिने हमरापूरचं टपाल बघायचे. एकदा पाकीट आलं, पत्ता काय, तर 'गणपतीवाले काका, हमरापूर'. अहो, तिथे घराघरात गणपती घडतात. रंगकाम करणारा प्रत्येक माणूस कुणाचा तरी काका. मी म्हटलं, परत पाठवून द्या, नाहीतर चुकीच्या माणसाच्या हातात जाईल आणि तक्रार आपल्यावर येईल.

भाऊ म्हणाले, "पाठवणारी नाशिकची हाय. मी विचारतो." आणि दोन दिवस घरोघर एकच प्रश्न विचारत फिरले, "नाशकात तुमचं कोण हाय?" तिसऱ्या दिवशी पाकीट पोचलं. त्या दोन दिवसांत हमरापूरच्या निम्म्या लोकांना वाटलं की नाशिकला आपलं कुणीतरी गेलं. दोन घरांतून तर रडण्याचा आवाज येऊ लागला होता.

* * *

असे हे भाऊ आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. कसे, तर मास्तरांनी ग्रुप काढला, पुढे मास्तरांचा फोन बिघडला, नवा नंबर घेतला आणि जुना ग्रुपमधून काढायच्या आधी म्हणाले, "सगळ्यात सीनियर माणसाला ॲडमिन करतो."

पहिल्याच आठवड्यात भाऊंनी फोनात घड्याळ बघता बघता मास्तरांनाच ग्रुपमधून काढलं. मास्तर तीन दिवस घुश्शात. मी भाऊंना परत ॲड करायचं शिकवायला गेले तर ते म्हणाले, "राहू दे गो वैशालीबाय. शांतता हाय." मला मात्र रात्रभर झोप नाही, मेमो येतो की काय म्हणून. चौथ्या दिवशी मीच त्यांच्या फोनवरून मास्तरांना परत घेतलं.

* * *

आता सायलीचं सांगते.

सायली माझ्या शेजारच्या काउंटरवर बसते. वर्षभरापूर्वी लागली. मूळची रोह्याकडची, इथे पेणला खोली घेऊन राहते. आईवडील नाहीत, आजीने वाढवलं. आजी तिकडेच खांब गावी सायलीच्या काका-काकूंकडे असते. घरात फोन एक, तोही काकूकडे, आणि बोलताना नेहमी स्पीकरवर. म्हणून आजीने एक दिवस चक्क आंतरदेशीय पत्र लिहिलं आणि ऑफिसच्या पत्त्यावर टाकलं.

सकाळी टपाल लावताना ते निळं पत्र निघालं आणि पोरगी नाचायचीच बाकी. आजी म्हातारपणी अक्षरं गिरवायला शिकलेली. सायलीने पत्र कडेने कापलं, टेबलावर पसरलं, वाचायच्याही आधी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या आजीचं पत्र. फक्त दाखवायला टाकलंय.' तेवढ्यात काउंटरवर रांग लागली. पत्र तिने घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

ग्रुपवर फुलं आली, हात जोडले गेले. मास्तरांनी अंगठा दाखवला. भाऊ बीटवर निघायच्या बेतात होते, त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'अक्षर टपोरे आहे. एकही ओळ वाकडी नाही. या वयात हात स्थिर आहे. पत्र जपून ठेव आणि आजीला उत्तर पाठव.' मला हसू आलं. आजी काय म्हणते त्याबद्दल एक शब्द नाही, आणि हे ओळी मोजतायत. मला वाटलं, म्हाताऱ्याला बारीक वाचता आलं नसेल.

मला आलं. खोटं कशाला बोलू, मी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि वाचला. वरच्या अर्ध्या भागात तब्येत, पाऊसपाणी, मांजराची पिल्लं. खालच्या अर्ध्या भागात घरातलं. काय ते मी नाही सांगणार. एवढंच सांगते, की ते काकूला कळलं असतं तर आजीला त्या घरात दिवस काढणं कठीण झालं असतं. आणि त्या वयात ती जाणार कुठे? सायलीच्या दहा बाय दहाच्या खोलीत?

आणि ग्रुपवर नितीन होता. आमचा दुसरा पोस्टमन, काकूचा सख्खा भाऊ. मनाचा वाईट नाही, पण तोंडात तीळ भिजत नाही. बहिणीला रोज फोन. त्या दिवशी तो फोटो पडायच्या आधीच बीटवर निघालेला. बीटवर बॅटरी वाचवायला डेटा बंद ठेवतो आणि दोन वाजता ऑफिसात आला की चालू करतो.

मी तेव्हाच सायलीला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगायचं म्हणजे आधी कबूल करायचं की मी वाचलंय. दीड तास मी स्टॅम्प मारत बसले आणि घड्याळ बघत बसले. लाज वाटते आता.

अकराच्या चहाला सायलीने पत्र उघडलं. खालपर्यंत पोचली आणि तिचा कप तसाच राहिला. "ताई, नितीनदादाने बघितलं असेल का ओ?"

तिने घाईघाईत फोन काढला, फोटो दाबून धरला, कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबलं आणि 'डिलीट फॉर एव्हरीवन'ऐवजी 'डिलीट फॉर मी' दाबलं. चूक परत फिरवायला खाली दोन-चार सेकंद पट्टी येते, ती डोळ्यांतल्या पाण्यात दिसली नाही. फोटो तिच्या फोनवरून गेला, बाकी सगळ्यांच्या फोनवर राहिला. कुणी बघितलं हे फक्त पाठवणाऱ्याला दिसतं, तेही आता दिसेना. आणि स्वतः ती तो काढू शकेना. काढू शकणारा एकच माणूस, ॲडमिन.

भाऊंना फोन लावला. रिंग जाते, उचलत नाहीत. बीटवर त्यांचा फोन थैलीच्या तळाशी. सात वेळा लावला. सायलीचा चेहरा पांढरा पडलेला, समोर गिऱ्हाईक विचारतंय, "मनीऑर्डर पोचली काय?" शेवटी साडेबाराला मी मास्तरांना म्हटलं, डोकं दुखतंय, गोळी घेऊन येते, आणि स्कूटी काढली.

खाडीकडच्या रस्त्याला दोन गावं पालथी घातली. तिसऱ्या गावात, मिठागराच्या बांधाकडे जाणाऱ्या वाटेवर भाऊ सायकल हातात धरून येताना दिसले. सव्वा वाजलेला. मी धापा टाकत सांगितलं, सायलीचा फोटो काढायचाय, तुमच्याच फोनवरून निघेल.

"का?" असं त्यांनी विचारलंच नाही. थैलीतून फोन काढला, माझ्या हातात दिला आणि तोंड खाडीकडे फिरवून उभे राहिले. "तू दाब गो. मी हिकडं बघतो."

मोबाईलला रेंजची एक काडी. दाबलं, गोल फिरत राहिलं. भाऊंनी सायकल टेकवली, आम्ही फोन उंच धरून मागे शंभर पावलं चालत आलो, तेव्हा कुठे फोटो गेला. त्या जागी 'ॲडमिनने हा मेसेज डिलीट केला' अशी करडी ओळ. मला सांगावंसं वाटलं की भाऊ, मी वाचलंय. धीर झाला नाही.

दोन वाजता नितीन आला. थैली ठेवली, पंख्याखाली बसला, डेटा चालू केला. टिंग टिंग टिंग. मी आणि सायली एकाच रजिस्टरात डोकं घालून बसलो.

"सायले, तुझा मेसेज भाऊंनी डिलीट केला? काय टाकलं व्हतंस?"

सायली रजिस्टरात आणखी खाली वाकली. पलीकडे भाऊ न वाटलेलं टपाल लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तिच्या आजीचं पत्र आलेलं."

"खांबवरून? मग काय लिहिलंय आजीने? तुम्ही तर बघितलं असंल."

"बघितलं की. 'चि. सायलीस' असं लिहिलंय."

"आन् पुढं?"

भाऊंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "मी काय सायली हाय?"